निसटलेले टोक

काष्टीचा जनावरांचा बाजार शनिवारी भरतो. शुक्रवारी रात्री बाजाराकडे निघालेल्या गाड्यांची घरघर आमच्या दूध शीतकरण केंद्रापर्यंत ऐकू येते. अशाच एका रात्रपाळीत अमोनियाचा कॉम्प्रेसर तीन वेळा थांबला. सायंकाळचे दूध अजून कोमट होते आणि सकाळी टँकर येण्यापूर्वी ते चार अंशांवर आणायचे होते.

प्रत्येक वेळी सुरू करण्याचे बटण दाबताच यंत्र निमूटपणे चालू होई. मीटर लावावा तर सारे ठीक. असा दोष पकडणे कठीण, कारण तो आपल्यासमोर उभाच राहत नाही. तार निमिषभर सुटते, कॉन्टॅक्टर पडतो, आणि तार पुन्हा टेकली तरी कॉन्टॅक्टर आपणहून उठत नाही. आपण पोहोचतो तोवर कारण नाहीसे झालेले असते आणि परिणाम तेवढा उरतो.

ओव्हरलोड रिले पडलेला नव्हता. म्हणजे मोटरवर जादा भार आलेला नसावा. दाबमापकांवरचे काटेही जागच्या जागी होते. शंका उरली ती नियंत्रणाच्या तारेवर. ही तार फ्यूज, थांबवण्याचे बटण, ओव्हरलोड, जास्त आणि कमी दाबाचे दोन स्विच अशा क्रमाने पुढे जाते आणि शेवटी कॉन्टॅक्टरला पोहोचते.

"भाऊ, रात्रीपुरते दाबाचे स्विच बायपास करा की, दूध तरी वाचेल," ऑपरेटरमामा म्हणाले. त्यांची काळजी खरी होती. पण दाब बेसुमार वाढला तर यंत्र थांबवणारा तोच एक पहारेकरी. अमोनियाच्या यंत्रावर त्याला झोपवून ठेवणे मला मान्य नव्हते.

मी दोन लहान दिवे जोडले, एक ओव्हरलोडनंतर आणि दुसरा दाबाच्या स्विचांनंतर. मग स्टूल ओढून समोर बसलो. पाऊण तास काहीच घडले नाही. (वाट पाहणे हेही या कामाचे एक हत्यार आहे, मात्र ते पेटीत मावत नाही.) अखेर पहिला दिवा स्थिर राहिला, दुसरा क्षणभर विझून पुन्हा लागला आणि कॉम्प्रेसर थांबला. दोष त्या दोन दिव्यांच्या मधोमध होता.

मुख्य वीज बंद करून, तेथे कुलूप घालून, वीज नाही याची मीटरने खात्री केली. नंतर स्विचांच्या टर्मिनलांवरची एकेक तार हलकेच ओढून पाहिली. जास्त दाबाच्या स्विचावरची तार स्क्रूखालून अलगद बाहेर आली. तिचे टोक काळवंडले होते. बारीक तंतूंची तार लग न लावता तशीच दाबलेली होती. कॉम्प्रेसरच्या कंपनाने तंतू सरकत गेले आणि पकड सुटली. नुसता स्क्रू पिळला असता तर काही दिवसांनी पुन्हा हेच झाले असते. फार पिळला असता तर तंतूच तुटले असते. काळे टोक कापून, नवा लग दाबून बसवला, स्क्रू बेताने आवळला आणि तार पुन्हा ओढून पाहिली. ती हलली नाही.

दिवे मी काढले नाहीत. टँकर येईपर्यंत दोन्ही सलग तेवत राहिले. मामा मधूनमधून येत, त्यांच्याकडे पाहत आणि काही न बोलता टाकीचे तापमान वहीत लिहीत.