पहाटेचा आकार

आमच्या लहानपणी जळगावात लग्नघराची पहिली वर्दी कासाराला जायची. मांडव पडला की दुसऱ्या दिवशी तो पेटी घेऊन ओसरीवर बसायचा आणि नवरीपासून शेंडेफळ करवलीपर्यंत सगळ्यांच्या हातात बांगड्या भरायचा. त्याची पद्धत मला अजून आठवते. नवरीचा चुडा आधी, मग आई, मग काकू-आत्या-मावश्या आणि शेवटी पोरी. बांगड्या डझनावर मोजायच्या, पैसे सगळ्यांचे मिळून लग्नघराने द्यायचे. भरताना जी बांगडी पिचेल ती कासाराच्या खात्यात, मोजणीत धरायची नाही. नवरीच्या चुड्याचा भाव कोणी करत नसे; त्याच्यावर कासाराला धान्य, नारळ, कधी धोतरजोडी मिळे. आज मी ज्याला ग्रुप बुकिंग म्हणते त्याचा नमुना मी पहिल्यांदा पाहिला तो त्या ओसरीवर.

बाकीच्या नटण्याला मात्र पैसे पडतात हे कोणाच्या डोक्यातही नव्हतं. हळद घरची, उटणं घरचं, अफगाण स्नोची बाटली आणि पावडरचा डबा कोणाच्या तरी ट्रंकेतला. आमच्या भावकीत एक काकू होत्या, त्यांच्या हाताला वळण होतं. अंबाडा, खोपा, नऊवारीचा काष्टा, कपाळावरची बारीक चंद्रकोर, सगळं त्याच करत. मुहूर्त सकाळचा असला की त्या तीनला उठून पाणी तापवत आणि कंदिलाजवळ एकेकीला पुढ्यात बसवत. लग्न धुळ्याला असेल तर आदल्या दिवशीच वऱ्हाडाबरोबर एस.टी.त. हाताखाली माझ्यासारख्या दोन-तीन पोरी: एक पिना धरणारी, एक गजरा ओवणारी, एक साडीच्या निऱ्या खालून ओढून धरणारी. प्रवास, पहाट, मदतनीस, तिन्ही गोष्टी तेव्हाही होत्याच. फक्त त्यांचा आकडा कुठे लिहिला जात नव्हता.

खरं तर लग्नघर तेव्हा हिशेबात अजिबात ढिलं नव्हतं. आहेराच्या वहीत कोणी स्टीलचा डबा दिला, कोणी अकरा रुपये दिले, हे टिपलेलं असे आणि त्यांच्या घरच्या कार्यात ते तसंच परत जाई. वऱ्हाडासाठी प्रासंगिक करारावर एस.टी. घेतली की डेपोतून निघाल्यापासून डेपोत परत येईपर्यंतचे किलोमीटर मोजले जात. रिकामी धाव आपल्याच माथी, हे प्रत्येक यजमानाला ठाऊक होतं आणि त्यावर कोणी वाद घालत नसे. काकूंची पहाट तेवढी कुठल्याच वहीत नव्हती. सगळ्यांना नटवून त्या मांडवात यायच्या तेव्हा मंगलाष्टकं सुरू झालेली असायची आणि अंगावर स्वयंपाकघरातलीच साडी. पाठवणीनंतर त्यांची खणानारळाने ओटी भरत. त्या कामात मायेचा ओलावा होता, तो आता माझ्या कामात तितका येत नाही, आणि मला त्याची रुखरुख वाटते. पण त्या साडीची रुखरुख जास्त वाटते.

आता मी स्वतः हे काम करते, आणि फोन आला की बहुधा पहिलं वाक्य असतं, ‘ताई, आठ जनी शेतस, काही कमी करा ना.’ आठजणी म्हणजे नवरी आणि सात साइडर. नवरीसोबत तयार होणाऱ्या आई, काकू, आत्या, करवल्या यांना आमच्या धंद्यात साइडर म्हणतात. माणसं वाढली की भाव उतरावा ही अपेक्षा किराण्याच्या दुकानातली आहे आणि तिथे ती रास्त आहे. हाताच्या कामात तसं होत नाही. सातव्या करवलीच्या चेहऱ्यालाही पहिलीइतकाच वेळ लागतो. म्हणून मी उलट विचारते, मुहूर्त किती वाजता? सगळा भाव त्या उत्तरातून निघतो.

एक उदाहरण पुरतं मांडते. लग्न धुळ्यात, देवपूरकडे. मुहूर्त साडेअकराचा, फोटोवाल्याला नवरी आणि घरच्या बायका साडेनऊला तयार हव्यात. एका साइडरला मेकअपची तीस मिनिटं, केसांची वीस, साडी नेसवायची पंधरा. नवरीला मेकअप, केस, नऊवारी आणि दागिने धरून अडीच तास, आणि ती सगळ्यात शेवटी व्हायला हवी, म्हणजे बेस ताजा राहतो. हे सगळं मी एकटीने करायचं म्हटलं तर दहा तास, म्हणजे रात्री साडेअकराला सुरुवात.

आता दोन मुली बरोबर घेतल्या. एक मेकअप करते, दुसरी केस आणि साडी दोन्ही. मी आधी आई आणि आत्या यांचा मेकअप उरकते, मग नवरीला घेते. अडकतं कुठे, तर केस-साडीवाल्या मुलीपाशी. तिच्याकडे प्रत्येकीमागे पस्तीस मिनिटं आणि बायका सात. नुसते चार तास आणि वर पाच मिनिटं. त्यामुळे पहाटे पाचला पहिली खुर्ची भरली तरच साडेनऊ कसेबसे गाठता येतात. जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळे साधारण पंचाण्णव किलोमीटर. जुना सहा नंबरचा हायवे, आता त्रेपन्न. पूर्वीपेक्षा रस्ता बरा असला तरी अंधारात सामानासह मी दोन तास धरते, आणि पोचल्यावर मांडामांडीला अर्धा तास. म्हणजे घरून अडीचला निघायचं.

तिसरी मुलगी घेतली आणि केस व साडी वेगळ्या हातांत दिले, की सहाला सुरू करून शेवटची साइडर नऊ-सव्वानऊला उभी राहते. निघायचं साडेतीनला. तिसऱ्या मुलीचा रोज भरून यजमानाने एक तासाची झोप विकत घेतलेली असते; आमचीच नाही, त्याच्या घरातल्या बायकांचीही. हे मी असंच सांगते आणि निवड त्यांच्यावर सोडते. पुष्कळ घरं तिसरी मुलगी घेतात, कारण पाचला खुर्चीत बसायचं तर आईला साडेतीनला उठावं लागणार हे तोवर लक्षात आलेलं असतं.

मग कागद. समजा माझा नवरीचा दर पंधरा हजार आणि साइडरचा दोन हजार. सातजणींचे चौदा, एकूण एकोणतीस हजार. दोन मुलींचा रोज या दरातच धरलेला असतो, तो पुन्हा वेगळा लावणं मला पटत नाही. गाडी: जाऊन-येऊन 190 किलोमीटर, पण बाहेरगावच्या भाड्याला गाडीवाला दिवसाचे किमान तीनशे धरतो. तेरा रुपयांनी 3,900, चालकाचा भत्ता आणि टोल मिळून आणखी सहाशे, म्हणजे 4,500. तिसऱ्या मुलीचे बाराशे. आणि शेवटी पहाटेचा आकार 2,400: त्यातले तीन मुलींना तीनशेप्रमाणे नऊशे, उरलेले पंधराशे पार्लरचे. कारण पहाटे साडेतीनला निघायचं तर आदल्या संध्याकाळची गिऱ्हाइकं घेता येत नाहीत. बेरीज 37,100.

सूट द्यायचीच तर कुठे, हेही या कागदावर दिसतं. एकाच गावातली दोन लग्नं एका फेरीत जमली तर गाडी अर्धी होते, ती सूट मी आपणहून देते. चेहऱ्यामागे देत नाही, कारण ती शेवटी मुलींच्या रोजातून किंवा सामानातून निघते. स्पंज, पापण्या, पिना प्रत्येकीला वेगळ्या लागतात.

गाडीभाडं मी माणशी कधी वाटत नाही. आठजणींत वाटलं तर माणशी साडेपाचशेच्या आसपास दिसतं आणि ऐकायला गोड वाटतं. पण दोन करवल्या आदल्या रात्री ‘आमची आम्ही करू’ म्हणाल्या, की गाडी तेवढीच जाते आणि हजार-अकराशे रुपये कोणाचे, यावर मांडवात वाद होतो. म्हणून गाडी ठोक. साइडरची संख्या आठ दिवस आधी पक्की, आणि ती नंतर कमी झाली तरी पैसे पक्क्या संख्येचे, कारण मुली त्या संख्येवरून बोलावलेल्या असतात. जास्तीची बाई सकाळी आठच्या आत खुर्चीत बसली तरच घेते. ‘मला नुसती लिपस्टिक लाव’ म्हणणाऱ्या मावश्या चार झाल्या की नवरीची वीस मिनिटं जातात. पूर्वी काकू त्यांना नाही म्हणू शकत नव्हत्या. मी खोलीच्या दाराशी यजमानांकडची एक जबाबदार बाई मागून घेते, आणि तिचं नाव कागदावर लिहिते.

पैशांचं सांगायचं तर निम्मे तारीख धरताना, उरलेले नवरी खुर्चीत बसण्याआधी. एकदा वरात दाराशी आली की नवरीचे वडील पंगतीत, आहेरात आणि मानपानात असतात. तेव्हा त्यांच्यापुढे हात पसरणं त्यांनाही अवघड आणि मलाही. आखाजीच्या आसपास एका तिथीला दोन-तीन ठिकाणांहून विचारणा येते, गाड्याही महागतात. अशा वेळी तारीख अडवून ठेवायची आणि कोणी नाही म्हटलं तर ती रिकामी जायची. आगाऊ रक्कम परत न करण्याचं कारण एवढंच आहे, आणि ते मी पहिल्याच फोनवर सांगते.

खोलीबद्दलही आधीच विचारून घ्यावं लागतं. मे महिन्यात इकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि पुष्कळ मंगल कार्यालयांत वधूपक्षाच्या खोलीत नुसता कूलर असतो. कूलरचा वारा ओला. तो थेट तोंडावर आला की बेस बसत नाही, बोट लावलं तर चिकट लागतो आणि पावडर धरून त्याचे पट्टे होतात. खुर्ची कूलरच्या झोतापासून बाजूला, खिडकी उघडी, आणि पावडर लावायच्या आधी पाच मिनिटं कूलरची मोटर बंद. या पाच मिनिटांना सातने गुणलं की पस्तीस होतात. एसी नसलेल्या खोलीसाठी मी निघायची वेळ तेवढी अलीकडे घेते. केसांच्या मशिनसाठी चालू असलेले दोन प्लग लागतात, तेही आदल्या दिवशी कोणीतरी लावून पाहावेत.

काकूंच्या वेळी हे सगळं विचारायला वावच नव्हता, कारण त्या घरच्याच होत्या. माझ्याकडच्या मुली घरच्या नाहीत. त्या पिंप्राळ्याहून, मेहरूणहून येतात. रात्री तीनला घरून निघायचं म्हणजे वडिलांची किंवा भावाची परवानगी लागते, आणि गाडी प्रत्येकीच्या दाराशी न्यावी लागते. शहरातल्या शहरात तेवढाच अर्धा तास जातो, तोही वेळेत धरलेला असतो. पहाटेचे तीनशे रुपये मी त्यांना गाडीत बसतानाच देते, पगारात मिसळत नाही. आणि यजमानांच्या कागदावर शेवटची ओळ असते: चारही जणींचं जेवण पहिल्या पंगतीत. यावर आजवर एकाही घराने घासाघीस केलेली नाही.