दरवाढीच्या पत्राला उत्तर

पुरवठादाराचे दरवाढीचे पत्र बहुधा एका परिच्छेदात संपते. कच्चा माल महागल्यामुळे येत्या एक तारखेपासून सर्व दरांत २० टक्के वाढ करणे अपरिहार्य झाले आहे, असे त्यात नम्रपणे कळवलेले असते. काय महागले, किती महागले आणि त्या महागाईचा २० टक्क्यांशी संबंध काय, याविषयी मात्र पत्र मौन पाळते. खरेदी विभागात आयुष्य काढणाऱ्या माणसाच्या टेबलावर हे पत्र दर एक-दोन वर्षांनी येत राहते आणि त्याच्या उत्तरांवरून त्या माणसाची वाढ मोजता येते.

उमेदवारीच्या काळात तो पत्राकडे घासाघिशीचे आमंत्रण म्हणून पाहतो. वीस मागितले की दहा म्हणायचे आणि पंधरावर मिटवायचे, ही रीत त्याला साहेबांकडून मिळालेली असते. हा आकडा पुरवठादारानेही आधीच गृहीत धरलेला असतो, हे ध्यानात यायला काही वर्षे जातात. खरा खर्च दोघांपैकी कोणीच तपासलेला नसतो.

पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या धंद्यात २०२०-२१ साली हा प्रश्न तीव्रतेने पुढे आला. चीनने २०२१ च्या आरंभापासून रद्दी कागदाची आयात बंद करण्याचे ठरवल्यावर भारतीय गिरण्यांचा क्राफ्ट कागद, म्हणजे खोक्यांसाठी लागणारा जाड तपकिरी कागद, लगद्याच्या रिळांच्या रूपाने तिकडे जाऊ लागला. त्यातच टाळेबंदीमुळे रद्दीची आवक घटली होती आणि कागदाचे भाव चढले. पुरवठादारांचे कारण त्यामुळे खरे होते, पण कारण खरे असले म्हणून टक्केवारी खरी ठरत नाही.

हिशेबासाठी मसाल्याच्या कारखान्याला लागणारे ३० रुपयांचे एक खोके घेता येईल. त्यात छाटण धरून ६०० ग्रॅम कागद आहे आणि कागदाचा भाव किलोला ३० रुपयांवरून ३६ रुपये झाला आहे, असे मानले, तर कागद २० टक्क्यांनी महागला हे पुरवठादाराचे म्हणणे अचूक आहे. परंतु खोक्यातला कागद १८ रुपयांचा होता, तो २१ रुपये ६० पैशांचा झाला. वाढ ३ रुपये ६० पैशांची, म्हणजे खोक्याच्या दरावर १२ टक्क्यांची. पत्रातली मागणी ६ रुपयांची आहे, कारण कागदावरची टक्केवारी खळ, शाई, वीज, मजुरी आणि नफा यांवरही सरसकट लावली गेली आहे. यात लबाडीच असते असे नाही. पुष्कळ लहान कारखानदार स्वतःचा हिशेबही असाच ढोबळ करतात.

म्हणून जाणत्या खरेदीदाराच्या उत्तरात नकार नसतो. पत्र मिळाले, कागदाची दरवाढ मान्य आहे, असे लिहून तो एका खोक्याच्या खर्चाची फोड मागतो: कागदाचे वजन, गिरणीची वाढीपूर्वीची आणि नंतरची बिले, आणि कागदाखेरीज जे महागले असेल त्याचा पुरावा. नफ्याचा आकडा तो मागत नाही, कारण तो कोणी सांगत नाही आणि विचारल्याने बोलणे अडते. समजा, बिलांवरून वाहतूकही खोक्यामागे ३० पैशांनी वाढल्याचे दिसले, तर ३ रुपये ९० पैसे रास्त ठरतात.

ही रक्कमही एकदम न देता तो टप्पे सुचवतो. आधी दिलेल्या ऑर्डरी जुन्या दराने पुऱ्या व्हाव्यात, पुढच्या महिन्यापासून २ रुपये वाढावेत आणि उरलेले १ रुपया ९० पैसे तीन महिन्यांनी, तेही कागदाचा भाव तोवर टिकला तरच. पुरवठादाराकडे जुन्या भावाचा कागद काही दिवस शिल्लक असतोच, त्यामुळे पहिली मुदत अन्यायाची नसते; पुढचे तीन महिने मात्र तो पदरमोड करतो आणि त्याबदली बिले लवकर चुकती करण्याची तयारी खरेदीदाराने दाखवली नाही, तर मागणी एकतर्फी होते. लहान उद्योगांची बिले लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावीत, असा २००६ चा कायदा सांगतो. पण साठ-नव्वद दिवस पैसे अडकवून वर टप्प्यांची अपेक्षा ठेवणारे खरेदीदार काही कमी नाहीत.

दर फार दाबला, की वाढ दुसऱ्या वाटेने येते. बिलावर जुनाच दर राहतो आणि कागदाचे जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन, गुपचूप उतरते. गोदामात नवी खोकी वजनकाट्यावर ठेवून पाहिली, तर ही चोरी लगेच सापडते. न पाहिल्यास पावसाळ्यात थप्पीतले सर्वांत खालचे खोके बसते तेव्हा कळते. यासाठी मान्य वजन दरासोबतच पत्रात नोंदवून घेणे अनुभवी माणूस विसरत नाही.

निवृत्तीच्या सुमारास त्याच्या सवयींत आणखी एकीची भर पडलेली असते. कागद उतरला म्हणून दर कमी करत आहोत, असे पत्र पुरवठादार आपणहून सहसा पाठवत नाही. ते खरेदीदारालाच लिहावे लागते. गिरणीच्या बिलांवरून एकदा मांडलेला हिशेब उलट दिशेनेही तसाच चालतो आणि पुरवठादाराला तो नाकारणे कठीण जाते, कारण फोड त्याच्याच सहीची असते.