परवानगीच्या चार ओळी

एका आरोग्यविषयक ॲपचा मजकूर मराठीत करून देण्याचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा कंपनीचं म्हणणं एवढंच होतं : मजकूर थोडका हवा आणि वाचणाऱ्याला धीर देणारा हवा. ॲप मुख्यतः साठीपुढच्या लोकांसाठी होतं. मी राहते डोंबिवलीत, त्यामुळे वाचून पाहणारे शोधायला लांब जावं लागलं नाही. डोंबिवली-कल्याणच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यांवर आणि ठाण्यात कचराळी तलावाभोवती सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या हातात मी फोन देत असे. ‘समजलं का?’ असं मी विचारत नसे, कारण त्यावर भिडेपोटी सगळेच ‘हो’ म्हणतात. मी विचारायची, “हे बटण दाबलं तर पुढे काय होईल, सांगाल का?”

पहिला अडथळा रिपोर्ट दाखवण्याच्या परवानगीच्याही आधी यायचा. ॲपमध्ये ‘आभा’ क्रमांक काढण्याची सोय होती. हा १४ आकडी क्रमांक आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा. २०२१च्या सप्टेंबरात ही योजना देशभर सुरू झाली. आधार क्रमांक भरला की ओटीपी येतो. मूळ इंग्रजी मजकूर एका ओळीचा होता : नोंदणीकृत मोबाइलवर आलेला ओटीपी भरा. या ओळीशी बहुतेकांची बोटं थबकत. ओटीपी कुणाला देऊ नका, हे बँकेने त्यांच्या मनावर पक्कं बिंबवलेलं, म्हणून मी दुसरी ओळ जोडली : ‘तो फक्त इथे भरा. फोनवर कोणी मागितला तर सांगू नका.’ 

पण अनेकांच्या आधारला मुलाचा किंवा सुनेचा नंबर जोडलेला होता. ओटीपी जायचा मुंबईत कचेरीत बसलेल्या मुलाकडे, आणि हे आपल्या फोनकडे बघत बसायचे. कल्याणच्या एका आजोबांनी नेमकं बोट ठेवलं, “मुलगा फोनवरच सांगणार ना मला? आणि तुम्ही म्हणता, फोनवर बोलू नका.” हा पेच शब्दांनी सुटणारा नव्हता. ओटीपी पाठवण्याआधीच एक पडदा घालावा, असं मी सुचवलं : ‘आधारला जोडलेला मोबाइल आत्ता जवळ आहे का?’ खाली दोन बटणं, ‘हो, जवळ आहे’ आणि ‘नंतर करू’. मुलगा संध्याकाळी घरी आला की दोघांनी शेजारी बसून करावं. मजकूर एका पडद्याने वाढला, पण अर्ध्यावर सोडून देण्याची वेळ टळली.

खरा कस लागला तो परवानगीच्या पडद्यावर. समजा, तुमचा मधुमेह बघणाऱ्या डॉक्टरांना दुसऱ्या रुग्णालयातले तुमचे रिपोर्ट पाहायचे आहेत. या यंत्रणेत ते आपोआप दिसत नाहीत, तुमच्याकडे विनंती येते. तिच्यात कोण मागतंय, कशासाठी, कोणत्या प्रकारचे कागद, कोणत्या काळातले आणि परवानगी कधी संपणार, हे सगळं असतं. इंग्रजीत याचा एक भरगच्च परिच्छेद होता. शेवटी ‘तुमची माहिती पूर्णपणे सुरक्षित आहे, काळजी करू नका’ असा दिलासा.

आधी तो दिलासाच काढून टाकायला सांगितलं. एक तर ‘पूर्णपणे’ असं कोणतंच ॲप छातीठोकपणे म्हणू शकत नाही. दुसरं म्हणजे, ‘काळजी करू नका’ वाचलं की कट्ट्यावरची मंडळी सावध व्हायची. “म्हणजे काळजी करण्यासारखं काहीतरी आहे,” असं डोंबिवलीच्या एका काकूंनी हसत सांगितलं. त्यांना हवं होतं ते साधं उत्तर : कोण बघणार, आणि मला थांबवता येईल का? ते मिळालं की वेगळा धीर द्यावा लागत नसे.

सगळ्यात जास्त गोंधळ तारखांचा. पडद्यावर तारखांच्या दोन जोड्या होत्या : एक रिपोर्ट कोणत्या काळातले त्याची, दुसरी परवानगी कधीपासून कधीपर्यंत त्याची. वाचणाऱ्यांच्या डोक्यात त्या एकमेकींत मिसळत. ‘जानेवारी २०२३ ते डिसेंबर २०२४’ हे वाचून एका गृहस्थांना वाटलं, मुदत केव्हाच संपली, आता काही दाबायला हरकत नाही. म्हणून परिच्छेद मोडून त्याच्या चार ओळी केल्या :

कोण पाहणार : डॉक्टरांचं नाव
काय पाहणार : रक्ततपासणीचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या
कधीचे कागद : २०२३ आणि २०२४ या वर्षांतले
कधीपर्यंत पाहता येतील : ३० जूनपर्यंत, त्यानंतर बंद

‘त्यानंतर बंद’ या दोन शब्दांनी दुसरी तारीख पहिलीपासून वेगळी पडली. विनंती कशासाठी आहे, ते वर मथळ्यात गेलं : ‘उपचारासाठी तुमचे रिपोर्ट मागितले आहेत’.

पहिल्या ओळीत नाव वेगळं ठेवण्यामागे आणखी एक कारण होतं. प्रोग्राममध्ये वाक्य `%1$s ला तुमचे रिपोर्ट पाहायचे आहेत` असं होतं, आणि सुरुवातीच्या खुणेच्या जागी यंत्र नाव भरतं. मराठीत नाव तसंच राहत नाही : रुग्णालय असेल तर ‘रुग्णालयाला’, डॉक्टर असतील तर आदराने ‘जोशींना’. यंत्राला हे जमत नाही, ते ‘रुग्णालय ला’ असं लिहून मोकळं होतं. असं मोडकं मराठी बघून लोकांना खोट्या लिंकांची आठवण यायची. नाव ओळीच्या शेवटी सुटं ठेवलं की प्रत्यय लावायची गरजच उरत नाही. बटणावरही ‘मी परवानगी देतो’ लिहिलं तर ‘देते’चं काय, म्हणून ‘परवानगी आहे’ आणि ‘नको’.

थोडका मजकूर हवा, याचं कारण नुसती चिकाटी कमी हे नव्हे. या वयात बहुतेकांनी फोनमधली अक्षरं सर्वांत मोठी करून ठेवलेली असतात. त्या मापात ‘परवानगी आहे’ बटणावर मावलं, पण ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या बेताने ठेवलेलं असल्याने वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार छाटले जात होते. म्हणून प्रत्येक पडदा मी सर्वांत मोठ्या अक्षरात उघडून बघायची. जे खाली सरकवल्याशिवाय दिसत नाही ते वाचलं जाणार नाही, असंच धरून चालायचं.

कंपनीच्या वकिलांना मात्र सगळं लिहिलेलं हवं होतं, आणि त्यांचंही चूक नव्हतं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मोकळेपणाने, समजून आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी लागते. सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय हवी, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. तेव्हा तडजोड अशी झाली की बाकीचा तपशील ‘सविस्तर वाचा’मागे गेला, पण नंतर कळून माणूस चकित होईल अशी कोणतीही गोष्ट त्यामागे ठेवायची नाही. परवानगी मागे घेण्याची वाट चार ओळींच्या लगेच खाली आली : ‘ही परवानगी कधीही बंद करता येते.’ बंद करण्याच्या पडद्यावर आणखी एक ओळ मी आग्रहाने ठेवली : ‘यापुढे नवे रिपोर्ट दिसणार नाहीत. आधी पाहिलेले पाहिलेलेच राहतील.’ कंपनीतल्या एकाला ती धास्ती घालणारी वाटली. कट्ट्यावर मात्र कुणी दचकलं नाही. दाखवलेला कागद न दाखवल्यासारखा होत नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

नव्या पडद्यावर ‘नको’ म्हणणारे पहिल्यापेक्षा जास्त निघाले. कंपनीने कारण विचारलं. मी त्यांना आधीच्या ‘हो’वाल्यांची उत्तरं दाखवली. त्यांतल्या कित्येकांना आपण कशाला हो म्हटलं, तेच सांगता आलं नव्हतं. मग ‘नको’नंतर काय दिसावं, यावर बोलणं आलं. तिथे ‘तुमची खात्री आहे का?’ असा प्रश्न होता. तो काढून लिहिलं : ‘ठीक आहे. रिपोर्ट कुणालाही दाखवलेले नाहीत. डॉक्टरांकडे जाताना कागदांची फाइल सोबत न्या.’