यादीतले नंबर

मारेगावच्या बाजारातल्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात आशाताईंच्या कामावर देखरेख करणाऱ्या एक गटप्रवर्तक ताई पेनड्राइव्ह घेऊन आल्या. त्यात मार्डी, कुंभा, बोटोणीकडच्या आशांची एक्सेलमधली यादी होती. "भाऊ, हे सारे नंबर एकदाच मोबाइलात टाकून द्या ना," त्या म्हणाल्या.

फोनला हवी असते व्हीकार्डची फाइल, म्हणजे .vcf. तिच्यात प्रत्येक माणसाला सहा ओळी पुरतात. खालचं नाव नमुन्याचं आहे.

```
BEGIN:VCARD
VERSION:3.0
N:आत्राम;सुनीता;;;
FN:सुनीता आत्राम बोटोणी
TEL;TYPE=CELL:+9198xxxxxxxx
END:VCARD
```

मी आवृत्ती 3.0 च ठेवतो. 1996 च्या 2.1 मध्ये देवनागरी नावं वेगळ्या सांकेतिक रूपात गुंडाळून द्यावी लागतात आणि 2011 ची 4.0 सगळेच फोन नीट वाचत नाहीत. N मध्ये आधी आडनाव, मग नाव. FN मध्ये गावही जोडतो, कारण आपल्याकडे आत्राम, टेकाम, मडावी गावोगाव आहेत. गाव नसेल तर ताईंनी फोन कोणत्या सुनीताला लावायचा?

कार्ड लिहिणं सोपं आहे. खरं काम त्याआधीचं, यादी नीट सीएसव्हीत उतरवण्याचं.

पहिली अडचण नावांची. काही नावं कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. असा फॉन्ट अक्षरांना फक्त मराठीचा मुखवटा चढवतो, आत रोमन अक्षरंच राहतात. सीएसव्ही नोटपॅडमध्ये उघडली की सुनीताच्या जागी `lquhrk` दिसतं आणि फोनमध्येही तेच दिसेल. ती नावं आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात. मग एक्सेलमधून सेव्ह करताना `CSV UTF-8` हाच प्रकार निवडायचा. साधी सीएसव्ही निवडली तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते आणि त्या फाइलमधून नावं पुन्हा काढता येत नाहीत. एक्सेल या यूटीएफ-8 फाइलच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण ठेवतं. पायथॉनमध्ये फाइल `utf-8-sig` म्हणून उघडली नाही तर ती खूण पहिल्या मथळ्याला चिकटते आणि 'नाव' हा रकाना समोर असूनही सापडत नाही.

नंबरांचा प्रश्न याहून कठीण, कारण तो सहज लपतो. यादीत काही नंबर 91 लावून बारा आकडी होते. एक्सेल अकरापेक्षा जास्त आकड्यांची संख्या `9.19877E+11` अशी आखडून दाखवतं, आणि सीएसव्हीत जे दिसतं तेच लिहिलं जातं. काही नंबर ९८ असे देवनागरी आकड्यांत होते. फोनसाठी ते 0 ते 9 मध्येच आणलेले बरे. त्यासाठी मी या ओळी वापरतो:

```
d = ''.join(str(int(c)) for c in r['मोबाईल']
            if c.isdecimal())[-10:]
ok = len(d) == 10 and d[0] in '6789'
```

पहिली सूचना देवनागरी आकडे बदलते, अधलीमधली जागा आणि रेघा गाळते, 91 किंवा सुरुवातीचं शून्य सोडते. दुसरी दहा आकडे आहेत का आणि पहिला 6 ते 9 मधला आहे का, ते पाहते. आखडलेल्या नंबरातून आठच आकडे उरतात, म्हणून तो इथे अडतो. एका खणात दोन नंबर असतील तर मात्र ही ओळ गुपचूप दुसराच घेते. ते आधी वेगळे करावे लागतात.

ताईंच्या यादीचा धोका वेगळाच होता. कुणीतरी अशी आखडलेली सीएसव्ही एक्सेलमध्ये पुन्हा उघडून रकाना शून्य दशांशाचा 'Number' केला होता. तिथे काही नंबर 919877000000 असे झाले होते. त्यातले शेवटचे दहा आकडे चाचणीत बिनधोक पास होतात! तपासणी बरोबर आणि नंबर चूक. शेवटी सलग सहा शून्यं, आणि तोच नंबर दोघींच्या नावावर, ही त्याची ओळख. गेलेले आकडे सीएसव्हीतून कोणत्याच युक्तीने परत येत नाहीत. सुदैवाने ताईंकडे मूळ .xlsx होती. तिच्यात पूर्ण संख्या होती. रकाना शून्य दशांशाच्या 'Number' मध्ये नेऊन, रुंद करून पुन्हा `CSV UTF-8` सेव्ह केली आणि नंबर पूर्ण आले.

फाइल लिहिताना प्रत्येक ओळीचा शेवट CRLF ठेवतो. पायथॉनमध्ये `newline='\r\n'` दिलं की झालं. सगळी यादी चढवण्याआधी दोनच कार्डांची वेगळी फाइल करून ताईंच्या फोनवर टाकली. नाव, गाव, नंबर पाहिला, एकीला फोन लावून पाहिला. मग ती दोन कार्डं पुसून पूर्ण यादी एकदाच चढवायची, कारण तीच फाइल दुसऱ्यांदा टाकली तर नावं दुप्पट होऊ शकतात. ताईंच्या फोनमध्ये सगळ्या आल्यावर दुकानातल्या कॉम्प्युटरवरची सीएसव्ही आणि .vcf दोन्ही काढून टाकल्या.