मार्टनसाहेब, आज वार कोणता?

श्री. मार्टन क्लाइन यांस,


तुमची-माझी ओळख पुस्तकातली. जे. बर्नलेफ या डच लेखकाने १९८४ साली ‘हेर्सनशिमन’ ही कादंबरी लिहिली आणि तिच्यात तुम्हाला बोलतं केलं. नावाचा अर्थ भास, पण शब्द फोडला तर मेंदूतल्या सावल्या. मी ती इंग्रजीतून वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, खणखणीत होते. दुसऱ्यांदा वाचायला घेतली ती ते गेल्यावर.

तुम्ही एकाहत्तर वर्षांचे. हॉलंड सोडून अमेरिकेत, बॉस्टनच्या उत्तरेला समुद्रकाठच्या ग्लॉस्टर गावी राहता. घरात पत्नी वेरा आणि रॉबर्ट नावाचा कुत्रा, मुलं तिकडे मायदेशी. बाहेर बर्फ. तुम्ही खिडकीशी उभे राहून शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या पोरांना शोधता आहात. रोज दिसतात, आज का नाहीत? उशीर झाला असेल, बर्फामुळे असेल. मीही तुमच्याबरोबर तीच कारणं शोधत होते. मग वेराबाई म्हणतात, आज रविवार आहे.

त्या एका वाक्याने मी मागची पानं पुन्हा उलटली. तुमचं एकही वाक्य चुकलेलं नव्हतं. व्याकरण जागेवर, तर्क जागेवर, निरीक्षण तर माझ्याहून बारीक. पायाखालचा दिवस तेवढा निसटला होता. विसरणारा माणूस स्वतःच गोष्ट सांगतो आहे, मग तो विसरतो आहे हे वाचकाला कळायचं कसं, हा कादंबरीकारापुढचा खरा पेच. बर्नलेफने त्यातून वाट काढली ती वेराबाईंच्या चेहऱ्यावरून. तुमचं बोलणं तुम्हाला सरळ वाटतं, आणि समोरच्या बाईच्या डोळ्यांत भीती दिसते. त्या भीतीचंही तुम्ही काहीतरी साधं कारण लावता: दमली असेल, झोप झाली नसेल. वाचकाला ते कारण पटत नाही आणि तिथे तो तुमच्यापासून वेगळा होतो.

अण्णांचं हेच व्हायचं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली होती. एका सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, जुनी फाइल काखेत मारून दारात उभे. मी विचारलं, “कुठे निघालात?” म्हणाले, “जीप अजून कशी आली नाही? कालव्यावर पाणी सोडायचंय.” वाक्यात चूक काढायला जागा नव्हती. त्या महिन्यात कालव्याला पाणी सोडतात हेही खरं होतं. तुम्ही बॅग घेऊन बर्फातून ऑफिसच्या बैठकीला निघता, तेव्हा मला ती फाइल दिसली. एका समुद्री संस्थेतली तुमची नोकरी कधीच संपली होती, पण मासेमारीच्या आकड्यांची काळजी अजून ताजी होती. ज्या कामाने माणसाचा दिवस बांधलेला असतो, ते शेवटपर्यंत उरतं.

बर्नलेफची दुसरी युक्ती काळाची. तुमचं निवेदन वर्तमानकाळात चालतं. ‘मी तेव्हा गोंधळलो होतो’ असं म्हणायला मागे वळून पाहावं लागतं, आणि मागे वळलं तर तुमच्या हाताला काही लागत नाही. म्हणून सगळं आत्ताच घडतं. लहानपण आत्ता, लग्नानंतरचे दिवस आत्ता, स्वयंपाकघरातली वेरा आत्ता, आणि क्षणभर ती वेरा नसून तुमची आई असते. परिच्छेदाच्या मध्येच चाळीस वर्षं ओलांडली जातात आणि साधा स्वल्पविरामही त्याची सूचना देत नाही. तुमच्यासाठी वेराबाई फोटोंचा अल्बम काढतात, हे कोण, ते कोण, विचारत जातात. आम्हीही काढला होता. अण्णांनी स्वतःच्या लग्नाच्या फोटोवर बोट ठेवून “हा मुलगा कुणाचा?” असं विचारलं आणि नणंदबाई उठून आत गेल्या.

‘अस्तु’ हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपट आमच्याकडे पुष्कळांनी पाहिला आहे. मोहन आगाशेंचे संस्कृतचे प्राध्यापक हत्तीमागे चालत जातात आणि हरवतात. तिथे आपण लेकीच्या बाजूने त्यांना शोधतो. तुमच्या कादंबरीत शोधणारा बाहेर राहतो आणि आपण हरवलेल्याच्या डोक्यात अडकतो. मला विचाराल तर दुसरं जास्त जड जातं.

आता व्याकरणाची एक गोष्ट, कारण ती माझ्या डोक्यातून जात नाही. शेवटाकडे तुम्ही स्वतःला ‘मी’ म्हणायचं सोडत जाता आणि ‘तो’ म्हणू लागता. वाक्यं तुटतात, दोन तुकड्यांमध्ये कोरी जागा वाढत जाते. डच किंवा इंग्रजीत ‘मी’ हा शब्द जवळजवळ प्रत्येक वाक्याला लावावा लागतो, म्हणून तो गेला की लगेच डोळ्यांत भरतो. हे मराठीत कसं आणायचं? आपलं क्रियापदच ‘मी’ला धरून असतं. ‘उठलो’, ‘बसलो’, ‘घाबरलो’: ‘मी’ लिहिला नाही तरी त्या ओकारात तो बसलेला आहे. पण ‘चहा घेतला’, ‘दार उघडलं’, ‘तिला ओळखलं नाही’ असं म्हटलं की कोणी, ते क्रियापद सांगतच नाही. मीही असेन, तोही असेल. तेव्हा तुमचं मराठी भाषांतर करणाऱ्याने आधी ‘उठलो’, ‘निघालो’ कमी करत जावं आणि ‘घेतला’, ‘उघडलं’ वाढवत न्यावं. वाचकाला पत्ता लागायच्या आत ‘मी’चा ‘तो’ झालेला असेल. डचमध्ये जो बदल दिसतो, तो मराठीत न दिसता होऊ शकेल, आणि विसरणं बहुधा तसंच येतं.

एक तक्रार मात्र आहे. बर्नलेफ कवीही होते आणि तुमची शेवटची पानं कवितेसारखी झाली आहेत. तुकडे सुंदर आहेत, फार सुंदर. अण्णांच्या शेवटच्या महिन्यांत तसं काही नव्हतं. “जीप आली का?” हे एकच वाक्य, दुपारभर, पाच-पाच मिनिटांनी. तसंच्या तसं छापलं तर दुसऱ्या पानाला कोणीही पुस्तक मिटेल. म्हणजे विसरण्याची नक्कल करणाऱ्या गद्यालाही निवड करावी लागते, आणि निवड करायला सगळं लक्षात ठेवणारा कोणीतरी लागतो. तुमच्या मागे तो बसलेला मला दिसतो. शिवाय तुमचं सगळं एका हिवाळ्यात उरकतं. आमच्याकडे सहा वर्षं लागली.

पहिल्या वर्षी आम्ही अण्णांना दर वेळी दुरुस्त करत असू. “अण्णा, तुम्ही रिटायर झालात.” दर वेळी त्यांना ती बातमी नवीच असायची आणि दर वेळी चेहरा पडायचा. पुढे आम्ही “जीप निघालीय, येईलच” असं म्हणायला शिकलो. ते फाइल मांडीवर घेऊन खुर्चीत बसत, आणि थोड्या वेळाने तिथेच झोपी जात.

म्हणून या पत्रावर वार मुद्दाम लिहिलेला नाही.

आपली,
एक वाचक