कप्पा क्रमांक 304

कर्निगन आणि रिची यांचं सी भाषेवरचं पुस्तक आमच्या कॉलेजात दोन रूपांत फिरायचं. लायब्ररीत 1978 सालची पहिली आवृत्ती होती, शिवण सुटलेली. मुलांच्या हातात 1988 ची दुसरी, स्वस्त भारतीय छपाईतली. सहाव्या प्रकरणात दोन्हींमध्ये तेच छोटं हॅश टेबल आहे, शब्द शोधायची रीतही तीच. बदललंय ते हॅश फंक्शन, म्हणजे शब्दाचा आकडा करण्याची दोन-तीन ओळींची युक्ती. पहिल्या आवृत्तीत शब्दातल्या अक्षरांच्या संकेतांकांची नुसती बेरीज करायची, 100 ने भागायचं आणि उरलेली बाकी हा कप्प्याचा क्रमांक. दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक पायरीला आधीच्या आकड्याला 31 ने गुणायचं, मग पुढचं अक्षर मिळवायचं, आणि शेवटी 101 ने भागायचं.

हा बदल का झाला ते वर्गात कुणी सांगितलं नाही. वहीच्या मागच्या पानावर `rama` आणि `amar` मांडले तेव्हा ते उघड झालं. r म्हणजे 114, a म्हणजे 97, m म्हणजे 109. दोन्ही नावांची बेरीज 417, म्हणून दोघंही 17 व्या कप्प्यात. `mara` ही तिथेच. बेरजेला क्रम कळत नाही, अक्षरं तीच असली की झालं. 31 ने गुणत गेलं की `rama` चे 3492867 होतात आणि 101 ने भागून बाकी 85 उरते. `amar` चे 2997597 होतात, बाकी 18. बेरजेची आणखी एक अडचण अशी की पाच लहान रोमन अक्षरांची बेरीज 485 ते 610 च्या बाहेर जाऊच शकत नाही. मग टेबलाला दहा हजार कप्पे द्या नाहीतर लाख, पाच अक्षरी शब्द फार तर सव्वाशेभर कप्पे वापरणार, बाकीचे ओस.

दोन शब्द एका कप्प्यात आले म्हणून बिघडत काही नाही. चेनिंगची पद्धत त्यासाठीच आहे. जुन्या किराणा दुकानात बिलं टोचून ठेवायची तार असायची, तशी प्रत्येक कप्प्याला एक तार आहे असं धरा. नवीन नोंद आली की ती सगळ्यात वर टोचायची. शोधताना आधी शब्दाचा आकडा काढून थेट त्या तारेशी जायचं आणि वरून एकेक कागद पाहत खाली यायचं. सी मध्ये ते असं दिसतं:

```c
unsigned hash(const char *s)
{
    unsigned h = 0;
    while (*s)
        h = 31 * h + (unsigned char)*s++;
    return h;
}

/* शोध */
hv = hash(key);
for (p = tab[hv % N]; p != NULL; p = p->next)
    if (p->hv == hv && strcmp(p->key, key) == 0)
        return p;
```

प्रत्येक नोंदीत शब्दाबरोबर त्याचा पूर्ण आकडाही (`hv`) ठेवला आहे, आणि ही बारीक गोष्ट मला फार आवडते. एक तर आकडे जुळले नाहीत तर अक्षरन् अक्षर ताडून पाहायची गरजच उरत नाही. शिवाय नोंदी कप्प्यांपेक्षा जास्त झाल्या की टेबल दुप्पट करून सगळं नव्याने वाटावं लागतं, तेव्हा शब्द पुन्हा वाचावे लागत नाहीत, फक्त नव्या `N` ने भागायचं. नोंदी आणि कप्पे साधारण सारखे असले, आणि फंक्शन चांगलं असलं, तर शंभरातले सदतीसएक कप्पे रिकामे राहतात, तितक्यांतच एकेक नोंद असते आणि उरलेल्यांत दोन किंवा थोड्या जास्त. हे रिकामे कप्पे पाहून नवखी मुलं चपापतात. पण अंदाधुंद वाटलं तर असंच पडतं. एकही कप्पा रिकामा नसेल तर उलट मलाच शंका येईल.

नोकरीत हॅश टेबल पुन्हा भेटलं ते आडनावांच्या रूपात. एका कचेरीसाठी नावांच्या याद्या जुळवायचं काम होतं, देवनागरीतल्या, यूटीएफ-8 मध्ये साठवलेल्या. टेबल आधीच कुणीतरी लिहून ठेवलं होतं. इंग्रजी यादीवर ते चोख चालायचं आणि मराठी यादीवर रांगायचं. कुठे चूक दाखवायची सोय नव्हती, कारण उत्तरं सगळी बरोबर येत होती. खराब हॅश फंक्शन खोटं बोलत नाही, फक्त वेळ खातं. आमच्यातले जुने प्रोग्रॅमर म्हणाले, "अगं, मराठी अक्षर तीन बाइटचं, तिप्पट वेळ लागणारच." पण वेळ तिप्पट नव्हता, कितीतरी जास्त होता. म्हणून प्रत्येक साखळीची लांबी छापून पाहिली. 1024 कप्प्यांपैकी बहुतेक शून्य, आणि 304 क्रमांकाच्या कप्प्यात माणसांची जत्रा: केळकर, गावसकर, मयेकर, आंबेडकर, पवार, शेलार.

फंक्शनमध्ये गुणक होता 32. `h = (h << 5) + c` असं लिहिलेलं. डॅनियल बर्नस्टाइन यांचं जे फंक्शन जगभर फिरतं त्यात `((h << 5) + h) + c` असतं, म्हणजे 33 ने गुणणं. ते मधलं `+ h` इथे गळालं होतं. आता 32 गुणिले 32 म्हणजे 1024, बरोबर टेबलाच्या आकाराएवढं. त्यामुळे शेवटून तिसरा बाइट आणि त्याच्या आधीचे सगळे 1024 च्या पटीत जातात आणि बाकी काढताना पुसले जातात. उरतात फक्त शेवटचे दोन बाइट. इंग्रजीत ती शेवटची दोन अक्षरं असतात, त्यात पुरेशी विविधता असते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. देवनागरीत मात्र शेवटचे दोन बाइट म्हणजे एकाच अक्षराचा उरलेला भाग. 'र' चे तीन बाइट `E0 A4 B0`. 164 गुणिले 32 म्हणजे 5248, त्यातून 1024 चे पाच पट काढले की 128, त्यात 176 मिळवले की 304. आडनाव काहीही असो, शेवटी 'र' आला की 304. शेवटी एकारी मात्रा असेल तर 295, तिथे शिंदे, मोरे, काळे, कांबळे. दीर्घ वेलांटी असेल तर 288, तिथे जोशी आणि कुलकर्णी. 'व' वर संपणारे जाधव आणि यादव 309 मध्ये. सगळी देवनागरी धरली तरी 256 ते 351 यांपलीकडे कप्पाच मिळत नाही, म्हणजे 1024 पैकी फार तर 96.

तेव्हापासून मी कुठलंही हॅश फंक्शन घेतलं की एकच हिशेब करते: प्रत्येक साखळीच्या लांबीचा वर्ग काढून सगळ्यांची बेरीज. हजार नावं आणि 1024 कप्पे असतील तर चांगल्या फंक्शनला ही बेरीज दोन हजारांच्या आसपास येते. समजा त्या हजारांत तीनशे नावं 'र' वर संपणारी आहेत, तर त्या एकट्या साखळीचेच नव्वद हजार होतात. आलेख नको, घड्याळ नको, हा एक आकडा पुरतो. मात्र तो खऱ्याच याद्यांवर काढायचा. `key1`, `key2`, `key3` अशा बनावट शब्दांवरून खऱ्या नावांचा अंदाज येत नाही.

गुणक विषम केला की आधीचे बाइट पुसले जात नाहीत. पण 33 मध्येही एक खोच आहे. 33 ला 32 ने भागलं तर बाकी 1 उरते. म्हणजे कप्पे 32 असतील तर बर्नस्टाइन यांचं फंक्शन पुन्हा साध्या बेरजेवर येतं, 1978 च्या आवृत्तीसारखंच. मग 'कविता' आणि 'विकता' एका कप्प्यात, 'सीमा' आणि 'मासी' एका कप्प्यात, कारण वेलांट्या-काने धरून संकेतांक तेच. कप्प्यांची संख्या मूळ संख्या ठेवणं हा एक उपाय. दोनाचे घातच हवे असतील तर आकड्याचे वरचे बिट खाली आणून मिसळायचे. जावाचा `HashMap` आठव्या आवृत्तीपासून `h ^ (h >>> 16)` करतो ते याचसाठी. मी स्वतः लहानसहान कामाला एफएनव्ही-1ए वापरते. 2166136261 पासून सुरुवात, प्रत्येक बाइटशी एक्सॉर, मग 16777619 ने गुणायचं. लिहायला 31 वाल्याइतकंच सोपं. वरच्या कोडातलं `unsigned char` कुठल्याही फंक्शनमध्ये विसरायचं नाही. देवनागरीचा प्रत्येक बाइट 127 च्या वर असतो, त्यामुळे साधा `char` काही यंत्रांवर ऋण धरला जातो, काहींवर धन. मग त्याच नावाचा आकडा लॅपटॉपवर एक आणि फोनवर दुसराच येतो, आणि तो फाइलमध्ये साठवला असेल तर शोध रिकाम्या हाताने परत येतो. इंग्रजी नावांवर हा फरक कधीच दिसत नाही.

नावं बाहेरच्या, अनोळखी लोकांकडून येणार असतील तर यातलं काहीच पुरत नाही. 31 च्या गुणकाला `Aa` आणि `BB` दोन्हींचे 2112 होतात. त्यांच्या जोड्या लावल्या की `AaAa`, `AaBB`, `BBAa`, `BBBB` हे चारही एकाच आकड्याचे, आणि असे हवे तितके शब्द कुणालाही बनवता येतात. सर्व्हरकडे तसे हजारो शब्द पाठवले की एकच साखळी लांबत जाते आणि यंत्र तिच्यातच अडकतं. 2011 च्या डिसेंबरात बर्लिनच्या एका परिषदेत हे करून दाखवल्यावर बऱ्याच भाषांना आपलं फंक्शन बदलावं लागलं. पुढच्याच वर्षी ओमासाँ आणि तेच बर्नस्टाइन यांनी सिपहॅश आणलं. त्यात प्रोग्रॅम सुरू होताना एक गुप्त आकडा निवडला जातो, त्यामुळे कुठले शब्द एकत्र पडतील ते बाहेरच्याला आधी ठरवता येत नाही. पायथन 3.4 पासून हेच वापरू लागला.

सध्या मला छळतंय ते यांपैकी काहीच नाही, छळतोय तो कुऱ्हाडे या आडनावातला 'ऱ'. तो तीन तऱ्हांनी टाइप होतो: थेट `U+0931`, साधा 'र' आणि खाली नुक्ता, किंवा र-हलंत आणि न दिसणारा जोडक `U+200D`. पडद्यावर तिन्ही कुऱ्हाडे सारखेच. बाइट वेगळे, म्हणून आकडे वेगळे, म्हणून कप्पे वेगळे. नशिबाने एका कप्प्यात आले तरी `strcmp` त्यांना वेगळेच ठरवणार. इथे फंक्शन कितीही चांगलं निवडा, उपयोग नाही. युनिकोडच्या एनएफसी नियमाने पहिले दोन एक होतात, तिसरा होत नाही. त्याची अदलाबदल मी हाताने लिहिली आहे, हॅश काढायच्या आधी. ती फक्त `key` वर चालते, नोंद करतानाही आणि शोधतानाही. मूळ नाव नोंदीत वेगळं, ज्याने जसं लिहून दिलं तसंच राहतं, आणि छापतानाही तेच छापलं जातं.