पारंबीवरचं कडं

यंदा जूनमध्ये माझ्या वडाला मी स्वतः कात्री लावली नाही. उजव्या हाताचा अंगठा आताशा कात्री मिटताना थरथरतो. पातं पेऱ्याच्या जरा वर पडायचं, ते नेमकं पेऱ्यावरच पडतं आणि फुटणारा डोळा मरतो. म्हणून शेजारच्या इमारतीतली एक मुलगी येते. ती दातांच्या डॉक्टरकीचं शिकते, त्यामुळे अरुंद जागेत हत्यार चालवायची तिला सवय आहे. मी स्टुलावर बसून सांगते, ती कापते, आणि चीक वाहायला लागला की ओलं फडकं धरते.

हे झाड मी 1994 साली पुण्यातल्या एका पाडायला काढलेल्या वाड्याच्या कठड्यातून काढलं. पाखराच्या विष्ठेतून पडलेलं बी असणार. सोटमूळ दगडांच्या सांध्यात हातभर आत गेलं होतं. ते मी चार बोटांवर कापलं, आणि सांध्यात दाबून चपटी झालेली बाजूची मुळं तेवढी राखली. आज तीच मुळं बुंध्याच्या पायथ्याशी पसरलेल्या पंजासारखी दिसतात. मुळं छाटण्यात मला कधी अडचण आली नाही. वड त्या बाबतीत उदार आहे. पाऊस तोंडावर असताना निम्मी मुळं काढली तरी तीन आठवड्यांत नवी पालवी धरतो.

माझी सगळी अडचण पारंबीशी.

माझं माहेर चिपळूणकडचं. तिथला वड पावसाळ्यात फांदीफांदीतून केस सोडल्यासारखा दिसतो. पुण्यात श्रावणात फांदीच्या पोटाला फिकट, ओलसर टोकं फुटतात, भाद्रपदात बोटभर होतात, आणि पाऊस गेला की ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात टोक काळं पडून मूळ दोऱ्यासारखं सुकतं. मातीपासून चार बोटं वर. पुढच्या वर्षी त्या मेलेल्या टोकाच्या वरून दोन फाटे फुटतात आणि तेही तिथवरच येतात. सतरा वर्षं मी हे बघितलं. पाण्याचे फवारे मारले, झाडाभोवती प्लास्टिक गुंडाळलं, ट्रेखाली पाण्याचं ताट ठेवलं.

दोष हवेचा होताच, पण माझ्या बोटांचाही होता, आणि तो कबूल करायला मला फार वेळ लागला. पारंबी सुटते ती जोमात वाढणाऱ्या, पानांनी लदलेल्या फांदीला. मी मात्र दर पावसाळ्यात शेंडे खुडत होते, पानं लहान यावीत म्हणून मेअखेर सगळी पानं देठ ठेवून काढत होते. वडाचं पान तळहाताएवढं, ते लहान झाल्याशिवाय दोन फुटांचं झाड झाड वाटत नाही. पण नाजूक फांद्या आणि पारंबी एकाच पावसाळ्यात एकाच फांदीकडून मागता येत नाहीत. एक फांदी दोन वर्षं बेढब वाढू द्यावी लागते. ते बेढबपण मला बघवत नव्हतं. घरी येणाऱ्यांना झाड नेहमी तयार दिसायला हवं, हा माझा हट्ट.

2011 मध्ये मी वेगळी वाट धरली. वडाचं वर्षभराचं एक रोप त्याच ट्रेमध्ये, डावीकडच्या आडव्या फांदीखाली लावलं. रोपाची आणि फांदीच्या पोटाची साल बोटाच्या पेराएवढी तासून दोन्ही एकमेकांना कलमफितीने बांधली. आंब्याचं भेटकलम करतात तसंच. तीन महिन्यांत सांधा धरला, मग रोपाचा वरचा शेंडा सांध्याला लागून कापला. खाली उरला तो फांदीपासून मातीपर्यंतचा सरळ खांब. दोन पावसाळ्यांत तो पेन्सिलीएवढा झाला.

यात गैर काही नाही, पुष्कळजण करतात. गैर एवढंच, की 2016 च्या प्रदर्शनात लोक विचारू लागले तेव्हा मी म्हणाले, ‘आपोआप उतरली. बावीस वर्षं वाट पाहिली.’ हे मी त्या तीन दिवसांत किती वेळा म्हणाले असेन कुणास ठाऊक. आणि त्याच प्रदर्शनात, जाड बटाट्यासारख्या मुळांवर दुसऱ्याच जातीच्या पानांचं कलम केलेलं फायकस ‘वडाचा बोन्साय’ म्हणून विकणाऱ्यावर मी तावातावाने बोलले. तो राग मला आजही खरा वाटतो. वटपौर्णिमेला बायका असली कुंडी वड समजून घरी नेतात, याचा मला त्रास होतो. पण त्याच तोंडाने मी हेही बोलत होते.

यंदा त्या मुलीने डावी फांदी साफ करताना खांबावरून बोट फिरवलं आणि ती थांबली.

‘काकू, पारंबीवर हे कडं कसं?’

वडाच्या शेंड्याला निमुळती टोपी असते. ती गळली की फांदीभोवती बारीक कडं उरतं, प्रत्येक पेऱ्याला एक. ते साल जाड झाल्यावरही बरीच वर्षं बोटाला लागतं. मुळाला पेरंच नसतं, त्यामुळे पारंबीवर असं कडं असूच शकत नाही. हे मीच तिला मेमध्ये शिकवलं होतं.

‘ती पारंबी नाही गं. रोप आहे. मी जोडलंय.’

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, ‘मग काढायची का?’

काढता येत नाही. खांब मातीत स्थिरावला की त्याच्या पलीकडची फांदी त्याच्याच पाण्यावर जगायला लागते. हावड्याच्या बोटॅनिकल गार्डनमधल्या थोरल्या वडाचा मूळ बुंधा बुरशीने सडला, तो 1925 मध्ये काढून टाकला. झाड पारंब्यांवर उभं आहे. माझ्या डाव्या फांदीचंही तेच झालंय. बुंध्यापासून खांबापर्यंतचा तुकडा बारीक राहिला आहे आणि खांबाच्या पुढे फांदी फुगली आहे. खांब कापला तर पुढची सगळी फांदी वाळेल.

म्हणून यंदा आम्ही उजवी फांदी सोडून दिली. खुडणं नाही, पानं काढणं नाही, तार नाही, आणि ट्रे बदलणंही पुढे ढकललं. ती दोन हात वाढली, बाल्कनीच्या गजातून बाहेर गेली. येणारे विचारतात, याला काय झालं. श्रावणात तिच्या पोटाला तीन टोकं फुटली. मुलीने त्यातलं जाडसर निवडलं, सरबताची स्ट्रॉ उभी चिरून त्याच्याभोवती बसवली, आत भिजवलेलं मॉस सैल भरलं आणि खालचं तोंड अर्धा इंच मातीत खोचलं. घट्ट भरलं तर टोक कुजतं, हे मी दोनदा सांगितलं. रोज सकाळी मी ड्रॉपरने वरून पाणी सोडते. ड्रॉपरला हात थरथरला तरी चालतं.

आज कोजागिरी. दुपारी ऊन चांगलंच कडक होतं. उरलेली दोन टोकं नेहमीसारखी काळी पडली आहेत. संध्याकाळी तिने चिमट्याने स्ट्रॉची चीर जराशी उघडली आणि मी चष्मा लावून वाकले. टोक ओलं होतं, फिकट होतं, आणि मातीपासून दोन बोटांवर होतं. तिने चीर हळूच मिटली.